दोन इंधनांवर चालणारा कारखाना आणि निव्वळ वर्तमान मूल्यात न दिसणारी लवचीकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकच काम दोन वेगवेगळ्या निविष्ठांपैकी कोणत्याही एकीवर करू शकणारी यंत्रणा बसवावी की नाही, हा प्रश्न अनेक उद्योगांपुढे येतो. येथे त्यातील एकच उदाहरण शेवटपर्यंत धरले आहे: नैसर्गिक वायू आणि फर्नेस ऑइल या दोन्हींवर चालू शकणारा वाफेचा बॉयलर. आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत. चलनाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण हिशोब कोणत्याही चलनात तसाच राहतो. उष्णतेचे ‘एकक’ म्हणजे वाफेपर्यंत प्रत्यक्ष पोहोचलेली उष्णता, असे सर्वत्र समजावे.

उदाहरण नेमके काय आहे?

एका कारखान्याला वर्षाला १ लाख एकके उष्णता लागते. गॅसवर मिळणाऱ्या उष्णतेचा खर्च पुढच्या वर्षी प्रति एकक ७ असेल किंवा १३ असेल आणि दोन्ही शक्यता सारख्याच आहेत, म्हणजे सरासरी १०. ऑइलवरचा खर्च ९ किंवा १३ असेल, म्हणजे सरासरी ११. हीच स्थिती पुढील दहा वर्षे दरवर्षी नव्याने उद्भवते असे तूर्त मानू. भाव खरे म्हणजे असे वागत नाहीत, परंतु मूळ मुद्दा स्वच्छ दिसण्यासाठी एवढे पुरेसे आहे.

केवळ गॅसवर चालणाऱ्या बॉयलरपेक्षा दुहेरी बॉयलरला सुरुवातीला ४ लाख जास्त लागतात. दुसरा बर्नर, ऑइलची टाकी, ते गरम ठेवण्याची व्यवस्था आणि पंप यांचा तो खर्च आहे. याशिवाय या सर्वांच्या देखभालीसाठी दरवर्षी २०,००० लागतात. भविष्यातील रक्कम आजच्या मूल्यात आणण्याचा वटाव दर ८ टक्के धरला, तर दहा वर्षे दरवर्षी मिळणाऱ्या १ रकमेचे आजचे मूल्य ६.७१ होते. त्यामुळे देखभालीचे आजचे मूल्य १.३४ लाख आणि लवचीकतेची एकूण किंमत ५.३४ लाख होते.

नेहमीच्या पद्धतीने हिशोब केल्यास उत्तर काय येते?

नेहमीच्या तक्त्यात प्रत्येक वर्षासमोर इंधनाचा एक अपेक्षित भाव लिहिला जातो. गॅससमोर १० आणि ऑइलसमोर ११ लिहिले की दहाही वर्षे गॅसच स्वस्त दिसतो. ऑइलचा बर्नर तक्त्याप्रमाणे एकदाही पेटत नाही, म्हणून त्यातून होणारी बचत शून्य, आणि दुहेरी बॉयलरचे जादा निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे बचतीच्या आजच्या मूल्यातून खर्चाचे आजचे मूल्य वजा करून उरणारी रक्कम, उणे ५.३४ लाख. प्रस्ताव फेटाळला जातो, आणि तक्ता पाहणाऱ्याला त्यात कुठेही चूक सापडत नाही, कारण बेरीज-वजाबाकी बरोबरच असते.

मग चूक कुठे झाली?

चूक क्रमात झाली. तक्त्याने आधी भावांची सरासरी काढली आणि नंतर स्वस्त इंधन निवडले. कारखान्यातील माणूस मात्र आधी त्या दिवशीचे भाव पाहतो आणि मग निवड करतो. सरासरी त्यानंतर काढायची असते. हे दोन क्रम एकच उत्तर देत नाहीत.

दोन भाव एकमेकांशी संबंध न ठेवता हलतात असे मानले, तर चार स्थिती सारख्याच संभाव्य आहेत. गॅस ७ आणि ऑइल ९ असेल तर आपण ७ देतो. गॅस ७ आणि ऑइल १३ असतानाही ७ देतो. गॅस १३ आणि ऑइल ९ असेल तेव्हा ऑइलकडे वळून ९ देतो. दोन्ही १३ असतील तेव्हा सुटका नसते, १३ द्यावेच लागतात. या चारांची सरासरी ९ येते. केवळ गॅसवर अवलंबून असलेल्या कारखान्याची सरासरी १० आहे, म्हणून प्रति एकक १ आणि वर्षाला १ लाख बचत होते. तिचे दहा वर्षांचे आजचे मूल्य ६.७१ लाख आहे. त्यातून ५.३४ लाख वजा केले की १.३७ लाख उरतात. जो प्रस्ताव उणे ५.३४ लाखांचा दिसत होता, तो तेच भाव, तेच सरासरी आकडे आणि तोच वटाव दर ठेवून अधिक १.३७ लाखांचा झाला.

थोडक्यात, किमानांची सरासरी ही सरासरींच्या किमानापेक्षा कधीच जास्त नसते आणि बहुधा कमी असते. या दोहोंतील अंतर म्हणजेच लवचीकतेचे मूल्य. पुढचे सर्व प्रश्न हे अंतर कशाने रुंदावते आणि कशाने मिटते, याविषयीचे आहेत.

म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्याची पद्धतच चुकीची आहे का?

नाही, आणि असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. वरचा दुसरा हिशोबही निव्वळ वर्तमान मूल्याचाच आहे. फक्त त्यात रोखीचा प्रवाह मोजताना भविष्यातील निर्णय आधीच गोठवून टाकलेला नाही. साध्या पद्धतीचा दोष एवढाच की ती आज ठरवलेली कार्यपद्धती दहा वर्षे डोळे मिटून पाळली जाईल असे गृहीत धरते. ज्या यंत्रणेत नंतर निवड करायला काहीच नसते, तिथे ती पद्धत पूर्ण योग्य आहे. प्रत्यक्ष मालमत्तेशी जोडलेल्या अशा निवडीच्या हक्काला अर्थशास्त्रात ‘रिअल ऑप्शन’ म्हणतात. हा शब्दप्रयोग स्ट्यूअर्ट मायर्स यांनी १९७७ मध्ये रूढ केला. दुहेरी इंधनाच्या औद्योगिक बॉयलरवर या दृष्टीने नलिन कुलतिलक यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही या विषयातील परिचित उदाहरण मानला जातो.

भाव जास्त अस्थिर झाले तर प्रस्ताव अधिक धोक्याचा होत नाही का?

एकाच इंधनावर चालणाऱ्या कारखान्यासाठी होतो. दुहेरी बॉयलरसाठी मात्र अस्थिरता मूल्य वाढवते. गॅसचा भाव ७ किंवा १३ याऐवजी ४ किंवा १६ होऊ शकतो असे धरा. सरासरी १० च राहते. आता चार स्थितींत आपण अनुक्रमे ४, ४, ९ आणि १३ देतो, ज्यांची सरासरी ७.५ आहे. बचत १ वरून २.५ झाली. गॅस स्वस्त झाल्याचा पूर्ण लाभ आपल्याला मिळतो, तो महाग झाल्याचा तोटा मात्र ऑइलच्या भावापाशी अडतो. म्हणूनच अस्थिर भावांच्या काळात वटाव दर वाढवून प्रस्तावाला ‘जोखमीची शिक्षा’ देण्याची जी सवय आहे, ती इथे उलट्या दिशेने चुकते.

दोन्ही इंधनांचे भाव एकत्रच वरखाली होत असतील तर?

मूल्यांकनात सर्वाधिक वेळ द्यावा असा हा एकच प्रश्न निवडायचा झाला, तर मी हा निवडेन. दोन भावांमधील सहसंबंध पूर्ण असेल, म्हणजे गॅस ७ असताना ऑइल ९ आणि गॅस १३ असताना ऑइलही १३ असेल, तर आपण ७ किंवा १३ देतो. सरासरी पुन्हा १०, बचत शून्य. उलट गॅस महाग असताना ऑइल नेमके स्वस्त होत असेल, तर आपण ७ किंवा ९ देतो. सरासरी ८, बचत २.

आपल्या उदाहरणात हे नाते अगदी सरळ आहे: प्रति एकक बचत म्हणजे १ वजा सहसंबंध. सहसंबंध ०.५ असेल तर बचत ०.५, म्हणजे दहा वर्षांचे मूल्य ३.३६ लाख, जे ५.३४ लाखांपेक्षा बरेच कमी आहे. जादा खर्च भरून निघण्यासाठी प्रति एकक सुमारे ०.८० बचत व्हायला हवी, म्हणजे सहसंबंध ०.२ च्या वर गेला की हा बॉयलर घेण्यात अर्थ नाही. पहिल्या हिशोबातला १.३७ लाखांचा अधिक आकडा या एका गृहीतकावर उभा होता, हे इथे लक्षात येते.

सहसंबंध मोजताना दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे करारातील भावसूत्र. गॅसचा पुरवठा करार खनिज तेलाच्या भावाशी बांधलेला असेल, तर कागदावर दोन इंधने दिसली तरी प्रत्यक्षात आपण एकाच भावाच्या दोन सावल्या विकत घेत असतो. म्हणून जुन्या भावांची आकडेवारी उघडण्याआधी करारातील भावसूत्र वाचावे. दुसरा सापळा कालावधीचा. रोजच्या भावबदलांतील सहसंबंध बहुधा कमी दिसतो, कारण त्यात बाजारातील तात्पुरती खळबळ असते. तीच आकडेवारी वर्षाच्या अंतराने पाहिली तर तो जास्त येऊ शकतो. इंधन बदलण्याचा निर्णय आपण महिन्यांच्या हिशोबाने घेणार असू, तर सहसंबंधही त्याच अंतराने मोजला पाहिजे. दैनंदिन आकड्यांवरून काढलेला कमी सहसंबंध लवचीकतेला फुगवून दाखवतो.

चार स्थितींच्या पलीकडे, खऱ्या भावांसाठी काही सूत्र आहे का?

आहे. एक मालमत्ता देऊन दुसरी घेण्याच्या हक्काचे मूल्य विल्यम मार्ग्राब यांनी १९७८ मध्ये मांडले. गॅसऐवजी ऑइल जाळण्याचा हक्क हा नेमका तसाच हक्क आहे. G आणि O हे T वर्षांनंतरचे वायदा भाव, σG आणि σO ही त्यांची वार्षिक अस्थिरता आणि ρ हा सहसंबंध मानला, तर त्या एका तारखेला होणारी प्रति एकक अपेक्षित बचत अशी येते:

```
V  = G·N(d1) − O·N(d2)
d1 = [ln(G/O) + σ²T/2] / (σ√T)
d2 = d1 − σ√T
σ² = σG² + σO² − 2·ρ·σG·σO
```

N म्हणजे प्रसामान्य वितरणाचे संचयी मूल्य. V ला जोखीममुक्त दराने आजच्या तारखेला आणायचे. गॅस १०, ऑइल ११, अस्थिरता अनुक्रमे ४० आणि ३० टक्के, सहसंबंध ०.५ आणि मुदत एक वर्ष घेतली, तर σ सुमारे ३६ टक्के होते आणि V १.०५ येते. बाकी सारे तेच ठेवून सहसंबंध ०.९ केला, की σ १८ टक्क्यांवर उतरते आणि V ०.३७ वर येते. दोन्ही इंधने स्वतःपुरती तितकीच अस्थिर आहेत. कमी झाली ती त्यांच्यातील फरकाची अस्थिरता, आणि लवचीकतेला तीच खरी महत्त्वाची.

या सूत्राच्या मर्यादा लक्षात ठेवाव्यात. त्यात बदलाचा खर्च शून्य आहे. शिवाय भावांतील फरक काळानुसार मोकळेपणाने पसरत जातो असे ते मानते. चार वर्षांच्या मुदतीसाठी ०.५ सहसंबंधाने तेच सूत्र २.४८ देते. उष्णतेच्या एकाच बाजारात स्पर्धा करणाऱ्या दोन इंधनांमधील फरक सहसा इतका पसरत नाही. तो फार वाढला की इतर ग्राहकही स्वस्त इंधनाकडे वळतात आणि फरक पुन्हा आटोक्यात येतो. म्हणून दूरच्या वर्षांसाठी या सूत्राचा आकडा जसाच्या तसा वापरू नये. फरक सरासरीकडे परततो असे प्रतिमान घ्यावे, किंवा निदान एका मर्यादेनंतर अस्थिरता वाढवत नेणे थांबवावे.

बदलाचा खर्च असेल तर इंधन केव्हा बदलावे?

बहुतेक ठिकाणी एक सोपा नियम पाळला जातो: या महिन्याची बचत बदलाच्या खर्चापेक्षा जास्त असेल तर बदला, नसेल तर थांबा. हा नियम दोन्ही बाजूंनी चुकू शकतो, आणि ते दाखवायला दोन महिन्यांचा हिशोब पुरतो.

कारखाना सध्या गॅसवर आहे. महिन्याला ८,००० एकके उष्णता लागते. एका इंधनावरून दुसऱ्यावर जाण्याचा खर्च प्रत्येक वेळी १०,००० आहे. या महिन्यात गॅस प्रति एकक १.५ ने महाग आहे, म्हणजे ऑइलवर गेल्यास १२,००० वाचतील. पुढच्या महिन्यात गॅस ३ ने महाग असण्याची शक्यता एक तृतीयांश आणि ३ ने स्वस्त असण्याची दोन तृतीयांश आहे, म्हणजे सध्याची महागाई ओसरण्याच्या बेतात आहे.

आज बदललो तर या महिन्यात २,००० हाती राहतात. पुढे गॅस महागच राहिला तर आणखी २४,००० वाचतात, आणि स्वस्त झाला तर १०,००० देऊन परत यावे लागते. त्या महिन्याची अपेक्षा ८,००० वजा ६,६६७, म्हणजे १,३३३. एकूण ३,३३३. आज थांबलो तर या महिन्यात काहीच मिळत नाही, परंतु पुढे गॅस महाग राहिलाच तर तेव्हा बदलून १४,००० मिळतात, ज्याची अपेक्षा ४,६६७ आहे. १२,००० ची बचत १०,००० च्या खर्चाहून जास्त असूनही थांबणे फायद्याचे ठरले.

आता शक्यता उलट करा: महागाई टिकण्याची शक्यता दोन तृतीयांश, पण या महिन्यातील फरक फक्त १, म्हणजे बचत ८,०००. आज बदललो तर या महिन्यात २,००० चा तोटा होतो, पुढच्या महिन्याची अपेक्षा १६,००० वजा ३,३३३ म्हणजे १२,६६७ येते आणि एकूण १०,६६७ होतात. थांबलो तर ९,३३३. इथे महिन्याची बचत खर्चापेक्षा कमी असूनही बदलणे योग्य आहे.

प्रत्यक्ष मूल्यांकनात हाच हिशोब शेवटच्या महिन्यापासून मागे येत केला जातो. प्रत्येक महिन्यासाठी, भावाच्या प्रत्येक पातळीला आणि ‘सध्या कोणत्या इंधनावर आहोत’ या प्रत्येक स्थितीला, राहणे आणि बदलणे यांपैकी मोठे मूल्य लिहीत जायचे. त्यातून गॅसवरून ऑइलवर जाण्याची एक रेषा आणि परत येण्याची दुसरी रेषा मिळते, आणि या दोन रेषांमध्ये एक पट्टा राहतो. त्या पट्ट्यात कारखाना ज्या इंधनावर असेल त्यावरच राहतो. म्हणून काही दिवस महाग इंधन जळताना दिसले, तर तो लगेच व्यवस्थापनाचा गाफीलपणा समजू नये. बदलाचा खर्च वाढला की पट्टा रुंद होतो, आणि खर्च फारच मोठा असेल तर दुहेरी बॉयलर व्यवहारात एकेरीच होऊन बसतो.

दोन इंधनांचे भाव एकमेकांशी नेमके कसे ताडायचे?

किलोचा भाव आणि घनमीटरचा भाव तर नाहीच, पण खरेदी केलेल्या उष्णतेचा भावही थेट ताडू नये. ताडायचा तो वाफेत पोहोचलेल्या उष्णतेचा भाव. गॅसमध्ये हायड्रोजनचे प्रमाण जास्त असल्यामुळे त्याच्या ज्वलनातून पाण्याची वाफ अधिक निर्माण होते आणि तिच्यातील उष्णता धुराड्यातून निघून जाते. त्यामुळे एकूण उष्मांकाच्या आधारे मोजलेली बॉयलरची कार्यक्षमता गॅसवर काही टक्क्यांनी कमी येते. समजा ती गॅसवर ८१ आणि ऑइलवर ८५ टक्के आहे. एखाद्या दिवशी खरेदीचा भाव गॅससाठी ८.९ आणि ऑइलसाठी ९.२ असेल, तर गॅस स्वस्त वाटतो. वाफेपर्यंत गेल्यावर मात्र गॅस १०.९९ ला पडतो आणि ऑइल १०.८२ ला. ऑइल गरम ठेवण्यासाठी आणि फवाऱ्यासाठी जी वाफ व वीज खर्च होते, ती यानंतर ऑइलच्या बाजूला मिळवायची. हे अंतर कमी असते तेव्हाच निवड अवघड असते, आणि चुकीची तुलना नेमकी तिथेच महागात पडते.

दुहेरी बॉयलर प्रत्येक इंधनावर एकेरी बॉयलरइतकाच चांगला चालतो का?

सहसा नाही. ऑइलची ज्योत प्रखर असते आणि भट्टीच्या भिंतींना प्रारणाने जास्त उष्णता देते. गॅसची ज्योत तुलनेने निस्तेज असते, त्यामुळे उष्णतेचा अधिक भाग पुढच्या नळ्यांपर्यंत जातो. दोन्हींसाठी चालेल अशी रचना ही तडजोड असते. त्यात सरासरी १ टक्का जरी जादा इंधन लागले, तरी ९ च्या सरासरी खर्चावर प्रति एकक ०.०९ जातात. आपल्या उदाहरणात १ ची बचत आणि ०.८० ची गरज यांत फक्त ०.२० ची फट होती. तिचा जवळपास अर्धा भाग या एका टक्क्याने खाल्ला. हा खर्च बॉयलर कोणत्याही इंधनावर असला तरी रोज द्यावा लागतो, म्हणून निविदेत दोन्ही इंधनांवरची हमीची कार्यक्षमता वेगवेगळी मागून घ्यावी.

वायदे बाजारात गॅसचा भाव बांधून घेतला तर वेगळ्या बॉयलरची गरज उरते का?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वायद्याने भाव निश्चित होतो, सरासरी खर्च कमी होत नाही. दुहेरी बॉयलरने सरासरी खर्च कमी होतो. दोन्ही एकत्र नांदू शकतात, आणि इथे एक बारीक चूक वारंवार होते. गॅस १० ने बांधून घेतला आहे, ऑइल ११ ला मिळते आणि बाजारात गॅस १३ झाला आहे, अशी स्थिती घ्या. ‘आपला गॅस तर १० लाच आहे’ असे म्हणून तो जाळला जातो. पण तो गॅस परत विकण्याची मुभा असेल, तर तो १३ ला विकून ऑइल ११ ला जाळल्यास प्रति एकक २ जास्त मिळतात. इंधन निवडताना बाजारभाव पाहायचा असतो, खरेदीचा नाही.

परत विकण्याची मुभा नसेल आणि करारात ‘माल उचला किंवा पैसे भरा’ असे कलम असेल, तर चित्र उलटते. किमान प्रमाणापर्यंतच्या गॅसचे पैसे कसेही जाणारच असतात, म्हणून तो जाळण्याचा जादा खर्च शून्य होतो. ऑइल कितीही स्वस्त झाले तरी तेवढ्या भागासाठी ते कधीच जिंकत नाही. गरजेच्या ८० टक्के गॅस अशा कलमाखाली असेल, तर लवचीकता उरलेल्या २० टक्क्यांवरच मोजावी. बॉयलर विकत घेणारा विभाग आणि पुरवठा करार करणारा विभाग वेगळे असले, तर एकाने विकत घेतलेला पर्याय दुसरा सही करून संपवून टाकतो, आणि ते कोणाच्याच तक्त्यात दिसत नाही.

वटाव दर कोणता घ्यावा?

वर ८ टक्के घेतला तो सोयीसाठी. खरी अडचण अशी की लवचीकतेतून येणाऱ्या बचतीची जोखीम कायम बदलत असते. गॅस खूप महाग असताना ती जवळजवळ निश्चित असते आणि दोन्ही भाव जवळ असताना अगदी अनिश्चित. संपूर्ण कंपनीचा एकच दर या बचतीला लावणे म्हणूनच पटण्यासारखे नाही. जिथे दोन्ही इंधनांचे वायदा भाव उपलब्ध आहेत, तिथे तेच भाव घेऊन जोखीममुक्त दराने वटवणे सर्वांत स्वच्छ, कारण जोखमीची किंमत वायदा भावातच आलेली असते. वायदे दोन-तीन वर्षांपलीकडे मिळत नसतील तर अंदाज करावा लागतो. तो करताना एक प्रश्न विचारावा: ही बचत कंपनीच्या कोणत्या काळात हाती येते? गॅस महाग होतो तेव्हा कंपनीला आपल्या मालाचा भाव वाढवता येत नसेल, तर ही बचत वाईट दिवसांत मिळते. ती विम्यासारखी असते, आणि तिला कंपनीच्या दरापेक्षा कमी दर लावणे समर्थनीय आहे.

कागदावरची लवचीकता प्रत्यक्षात आहे की नाही, हे कसे ओळखावे?

बॉयलरच्या नोंदवहीवरून. गेल्या दोन वर्षांत किती वेळा इंधन बदलले, प्रत्येक वेळी किती तास लागले आणि पूर्ण भार केव्हा मिळाला, हे तिथे लिहिलेले असते. भाव अनेकदा पट्ट्याबाहेर जाऊनही नोंदवहीत एकही बदल नसेल, तर पर्याय नावापुरताच आहे.

कारणे बहुधा साधी असतात. फर्नेस ऑइल थंड असताना घट्ट असते. बर्नरमध्ये त्याचा बारीक फवारा होण्यासाठी ते सुमारे १०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापवावे लागते, आणि टाकी व नळ्यांची तापनव्यवस्था बंद ठेवलेली असेल तर ऐन वेळी काहीच होत नाही. न वापरलेल्या फवाऱ्याच्या तोट्या बुजतात. ऑइलमधील गंधकामुळे धुरात आम्ल तयार होते, आणि धूर फार थंड झाला तर ते धातूवर उतरून धुराच्या उष्णतेने बॉयलरचे पाणी तापवणारा इकॉनॉमायझर खाते, म्हणून ऑइलवर असताना धुराचे तापमान जास्त ठेवावे लागते. हे माहीत असलेला ऑपरेटर निवृत्त झालेला असतो. कधी उत्सर्जनाच्या परवान्यात ऑइलचे तास मर्यादित असतात, आणि मूल्यांकन करणाऱ्याने मात्र वर्षभर जाळण्याची मुभा धरलेली असते.

यावर उपाय म्हणजे ठरावीक काळाने ऑइलवर प्रत्यक्ष चाचणी घेणे आणि तिचा खर्च देखभालीच्या २०,००० मध्ये पहिल्या दिवसापासून धरणे. तो वाचवायला गेले की ६.७१ लाखांच्या बचतीतले काहीच हाती लागत नाही, पण ५.३४ लाखांपैकी ४ लाख तर आधीच खर्च झालेले असतात.

पुरवठा खंडित झाल्यास दुसरे इंधन उपयोगी पडते. तो फायदा यात धरावा का?

धरावा, पण वेगळा. गॅस बंद पडल्यावर उत्पादन थांबू नये म्हणून मिळणारे मूल्य हे भावांतील फरकातून येत नाही. ते थांबलेल्या उत्पादनाच्या तोट्यातून येते. वर्षाला सरासरी दोन दिवस पुरवठा तुटत असेल आणि एका दिवसाच्या बंदीत १५,००० चा नफा बुडत असेल, तर त्या ३०,००० मधून दोन दिवसांच्या जादा इंधनखर्चाची वजाबाकी करून उरलेली रक्कम बचतीत मिळवावी. मात्र गॅसचा तुटवडा आणि गॅसचा चढा भाव बहुधा एकाच वेळी येतात. ज्या दिवशी गॅस मिळतच नाही, त्या दिवशी त्याच्या चढ्या भावापासून झालेली ‘बचत’ही मोजली, तर एकच फायदा दोनदा लिहिला जातो.

सहसंबंध ०.२ च्या आसपास निघाला आणि निर्णय काठावर राहिला, तर काय करावे?

दुहेरी बॉयलर आज घ्यायचा की कधीच नाही, असा प्रश्न क्वचितच असतो. गॅसचा बॉयलर घेऊन त्यात पुढे ऑइलचा बर्नर बसवता येईल अशी जोडणीची जागा, टाकीसाठी मोकळी जमीन आणि नळ्यांचा मार्ग राखून ठेवणे याला पूर्ण ४ लाख लागत नाहीत. समजा ४०,००० लागतात. मग पुढील दोन वर्षांत गॅसचा करार नव्या भावसूत्रावर गेला आणि सहसंबंध ०.२ च्या खाली उतरला, तर उरलेली यंत्रणा बसवावी, नाहीतर तिथेच थांबावे. नंतर बसवण्याचा खर्च आज एकत्र बसवण्यापेक्षा जास्त येतो आणि मधल्या दोन वर्षांची बचत हुकते, हे दोन्ही आकडे या तयारीच्या विरुद्ध बाजूला लिहावे लागतात. जिथे करारातील भावसूत्र ठराविक तारखेला बदलणार आहे, तिथे मी ही तयारी करून त्या तारखेपर्यंत थांबण्याच्या बाजूने कौल देईन. जिथे सहसंबंधाविषयी नवी माहिती येण्याची चिन्हेच नाहीत, तिथे थांबून काही कळणार नाही, आणि आहे त्या आकड्यांवरच आज निर्णय घ्यावा लागेल.